किमान दोघांचा महिना एक: सरळ मोजायचं की उलटं?

सरळमार्गी: मुलीच्या वर्गात बाईंनी हाताने लिहून प्रश्न दिला: «4 मित्र आहेत. दोघांचा जन्म एकाच महिन्यात झाला असण्याची संभाव्यता काढा.» "दोघांचा"च्या वर पेन्सिलीने बारीक अक्षरात "किमान" घुसवलेलं आहे. मुलीने 4 जणांच्या 6 जोड्या धरल्या, प्रत्येक जोडी जुळायची शक्यता 1/12, म्हणून उत्तर 1/2. बाईंनी फुली मारून शेजारी "पूरक घटना घ्या" एवढंच लिहिलं. जे विचारलंय ते सोडून त्याच्या उलट मोजायचं, हे पाठांतर झालं. सरळ मोजणाऱ्या पोरांना शिक्षा का?

खडूफळा: शिक्षा सरळ मोजल्याची नाही, चुकीचं मोजल्याची आहे. तुमच्या मुलीचीच रीत 6 मित्रांना लावून बघा. जोड्या 15 होतात आणि संभाव्यता येते 15/12, म्हणजे 1 पेक्षा जास्त. जी रीत 6 जणांवर कोसळते ती 4 जणांवरही बरोबर नसते, तिथे चूक फक्त झाकलेली राहते. अ, ब आणि क तिघेही मार्चमधले निघाले, तर अब, बक, अक या तिन्ही जोड्या जुळतात आणि ती एकच शक्यता तीनदा मोजली जाते. बेरीज फुगते ती इथे.

आता पूरक. चौघांचे महिने वेगळे असायचे तर पहिल्याला 12 महिने मोकळे, दुसऱ्याला 11, मग 10, मग 9. गुणाकार 11880. एकूण शक्यता 12 × 12 × 12 × 12 = 20736. वजा केल्यावर उरतात 8856, म्हणजे 41/96, साधारण 0.427. तुमच्या 1/2 पेक्षा बरंच कमी. "किमान दोघे" या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या परिस्थिती दडलेल्या आहेत आणि "कोणीच जुळत नाही" ही एकच आहे. एक मोजायची की चार, एवढाच प्रश्न आहे. यात पाठांतर कुठे आलं?

एक धोका मात्र मी दर वर्षी वह्यांत बघतो. "किमान दोघे सारखे"च्या उलट "सगळे सारखे" असं समजून मुलं 1 मधून 1/1728 वजा करतात. ते उत्तर "सगळे एकाच महिन्यातले नाहीत" या वेगळ्याच प्रश्नाचं आहे.

सरळमार्गी: जोड्यांची बेरीज चुकली, मान्य. पण चार परिस्थिती मोजायला काय होतं? मी आत्ता मोजल्या. एकच जोडी: 6 × 12 × 11 × 10 = 7920. दोन जोड्या: 6 × 12 × 11 = 792. तिघे एका महिन्यात: 4 × 12 × 11 = 528. चौघेही: 12. बेरीज 9252. तुमचं 8856. मग तुमचं वजाबाकीचं उत्तर बरोबर कशावरून?

खडूफळा: तुमच्या 9252 मध्ये "सगळे वेगळे"चे 11880 मिळवा. 21132 येतात. एकूण शक्यताच 20736 आहेत! जास्तीचे 396 कुठून आले ते शोधा. दोन जोड्यांमध्ये तुम्ही अब आधी निवडून त्यांना मार्च दिला आणि कड यांना जून. मग कड आधी निवडून त्यांना जून दिला आणि अब यांना मार्च. हे एकच चित्र आहे. चौघांचे दोन-दोन करायच्या रीती 3 आहेत, 6 नाहीत. 792 च्या जागी 396 घाला, बेरीज 8856 होते. आणि ही चूक तुमच्या लक्षात आली ती पूरकाचं उत्तर समोर होतं म्हणूनच.

मागचा_बाक: हे सगळं कागदावर ठीक आहे. आमच्या वर्गात 30 जण होतो. 30 जणांत तारीख जुळायची शक्यता 70 टक्के असते असं सरांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. माझ्या तारखेचा एकही निघाला नाही. तेव्हापासून माझा या विषयावर विश्वास नाही.

खडूफळा: 70 टक्के ही कोणत्याही दोघांची गोष्ट आहे, तुमची आणि आणखी कोणाची नाही. ठरलेल्या तुमच्या तारखेशी उरलेल्या 29 पैकी कोणी जुळायची शक्यता जेमतेम 7.6 टक्के. तिथेही पूरकच लागतो, फक्त दर वेळी 364/365 ने गुणायचं, 29 वेळा. वर्गातल्या बाकीच्यांना कधी विचारलं होतंत का?

मागचा_बाक: नाही. फक्त माझीच तारीख फळ्यावर लिहिली होती.

तागडी: पण खडूफळा, तुमचं 41/96 सुद्धा चूकच. महिने कुठे सारखे असतात? फेब्रुवारी 28 चा, मार्च 31 चा. 1/12 धरणंच गैर आहे, मग बाईंचं उत्तरही बाद करा.

खडूफळा: हरकत योग्य, निष्कर्ष नाही. दोघांपुरतं बघा. दिवसांनुसार वजन दिलं तर जुळायची शक्यता 11111/133225 येते, म्हणजे 0.08340. 1/12 म्हणजे 0.08333. फरक चौथ्या दशांश स्थळी. आणि विषमता शक्यता नेहमी वाढवतेच, कमी करत नाही, कारण गर्दीच्या महिन्यात जुळणं जास्त होतं. तेव्हा 41/96 ही खालची मर्यादा समजा.

रेघोटी: सगळे आकड्यांत गुंतलात, मूळ दुखणं "किमान" हा शब्द आहे. शाळेत माझे याच शब्दावर गुण गेले होते. प्रश्नात "दोघांचा" एवढंच होतं. मी नेमके दोघे धरले, 55/144 लिहिलं आणि शून्य मिळालं. बाईंनी शब्द नंतर वर घुसवला याचा अर्थ लिहिताना त्यांच्याही मनात तो नव्हता. ज्या मुलाने तो वाचलाच नाही त्याचं काय?

खडूफळा: शब्द कागदावर आहे, वाचायला हवा होता.

रेघोटी: पेन्सिलीने, ओळीच्या वर, बारीक अक्षरात! शिक्षकाने चूक केली की ती मुलाने वाचून घ्यायची, आणि मुलाने केली की फुली?

तागडी: रेघोटी, "नेमके दोघे"मध्ये तरी एकमत आहे का? दोघे मार्चचे आणि दोघे जूनचे असले तर? त्या 396 शक्यता तुम्ही धरल्या नाहीत. धरल्या तर 77/192 येतं.

रेघोटी: दोन जोड्या म्हणजे चौघे जुळले, दोघे नाही.

तागडी: मार्चमध्ये नेमके दोघेच आहेत की!

खडूफळा: इथे मला मागे सरावं लागेल. "किमान" नसेल तर हा प्रश्न तीन अर्थांनी वाचता येतो आणि उत्तरंही तीन येतात: 0.427, 0.401, 0.382. असा प्रश्न मी देणार नाही. ज्याने आपला अर्थ वहीत आधी लिहून ठेवला त्याचे गुण मी कापणार नाही. पण 1/2 यांपैकी एकातही बसत नाही.

सरळमार्गी: मुलीला आत्ता चारही परिस्थिती मांडायला बसवलं. 396 वर तीही अडली, मग वजाबाकी करून तिचं तिनेच शोधलं. पूरकाने वेळ वाचतो, हे मी कबूल करतो. पण बाईंनी "पूरक घटना घ्या"च्या जागी "6 मित्र घेऊन बघ" लिहिलं असतं, तर मी इथे आलोच नसतो.

रेघोटी: आणि "किमान" पेनाने लिहायला सांगा.