मदत हवी आहे : तोंड कोरडं पडतंय, माउथवॉश बदलावा का?

माझे वडील (वय ६८) नसांच्या दुखण्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलिन घेतात. या गोळीने लाळ कमी होते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण आता रात्री जीभ टाळूला चिकटते आणि भाकरीचा घास घोटभर पाण्याशिवाय उतरत नाही. त्यात ते सकाळ-संध्याकाळ झोंबणाऱ्या माउथवॉशने चुळा भरतात. बाटलीवर पाहिलं तर अल्कोहोल २० टक्क्यांच्या वर! आधीच लाळ कमी, त्यात हे, म्हणून कोरडेपणा वाढतोय असं मला वाटतं. त्यांचं मत, झोंबल्याशिवाय जंतू मरत नाहीत.

दुसरी काळजी कॅन्सरची. त्यांनी अनेक वर्षं तंबाखू खाल्ली, आता सोडली आहे. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन दंततज्ज्ञांनी अशा माउथवॉशने तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो असं लिहिलं. तोंडातले जंतू अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड हे कॅन्सरकारक रसायन करतात, हे त्यामागचं एक कारण. नंतरच्या आढाव्यांत मात्र ठोस संबंध दिसला नाही. विडी-दारूचा वास लपवायला माउथवॉश वापरणारेही बरेच असतात, मग दोष नेमका कशाचा ते वेगळं काढणं कठीण.

इथल्या दंतवैद्यांना विचारायचंय : तंबाखूचा इतिहास असेल तर तुम्ही अल्कोहोलवाला बंदच करायला सांगता का? बदली म्हणून बिनअल्कोहोलचा फ्लोराइडवाला पुरेल का? क्लोरहेक्सिडिन नको, त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात. आणि कोरडेपणासाठी लाळेसारखं जेल कुणी वापरलंय का?