मदत हवी आहे: लिटरेचर रिव्ह्यू थीमनुसार कसा लिहायचा? विषय बचत गट

मृण्मयी_एस:
पीएचडीचा दुसरा चॅप्टर गाइडनी परत पाठवलाय. विषय आहे बचत गट आणि बायकांचा घरातल्या निर्णयांतला सहभाग. ३४ पेपर वाचले आणि प्रत्येकाला एकेक परिच्छेद दिला, अमक्यांनी अमुक साली अभ्यास केला, त्यांना असं आढळलं, मग पुढचा. समासात शेरा आलाय, "ही यादी झाली, तुमचं म्हणणं कुठाय?" मग मी परदेशातले, भारतातले, महाराष्ट्रातले अशी हेडिंग्ज टाकली तरी म्हणतात यादीच आहे. थीम काढायची म्हणजे नेमकं काय करायचं?

कदम_सर:
कर्ज, बचत, निर्णय, हिंसा असे चार-पाच विषय पाडा आणि एकेक पेपर त्यात टाका. एक पेपर एकाच ठिकाणी, म्हणजे रिपीट होणार नाही.

वाचनवेडा:
माझं प्लेजरिझम याच चॅप्टरमुळे वाढलं होतं, तुमचं किती आलं?

मृण्मयी_एस:
ते अजून बघितलं नाहीये, माझी अडचण मांडणीची आहे.

अरुंधती_ताई:
कदम सर, विषय पाडणं बरोबर, पण एक पेपर एकाच ठिकाणी हे नको, कारण मग यादीचे फक्त तुकडे होतात. मृण्मयी, एक्सेलमध्ये प्रत्येक पेपरला एक ओळ दे. कॉलम तीनच, सहभाग कशावरून मोजला, कुणाला विचारलं, काय निघालं. मग आडवं वाचू नकोस, उभा कॉलम वाच.

बांगलादेशचंच घे. १९९६ साली एकाच जर्नलमध्ये दोन पेपर आले. गोएट्झ आणि सेन गुप्तांना दिसलं की कर्ज बाईच्या नावावर, पण बऱ्याच ठिकाणी ते वापरतो पुरुष. हाशमी, शूलर, रायली म्हणतात बायकांची ताकद वाढली. तू दोन परिच्छेद लिहिलेस की ते नुसतेच एकमेकांविरुद्ध उभे राहतात. "कशावरून मोजलं" हा कॉलम बघ, पहिल्यांनी कर्जावर ताबा कुणाचा ते पाहिलं, दुसऱ्यांनी बाई एकटी कुठं जाते, खरेदी करते का, असं बरंच काही. २००१ मध्ये नैला कबीर यांनी हाच फरक दाखवलाय, एकीकडे कर्ज वापरायची प्रक्रिया, दुसरीकडे त्याचे परिणाम. झाली तुझी पहिली थीम, आणि तिचं पहिलं वाक्य तुझं असेल, "निष्कर्ष वेगळे दिसतात कारण मोजलेली गोष्ट वेगळी आहे." परिच्छेद सतत संशोधकाच्या नावानं सुरू होत असेल तर समज परत यादीकडे चाललीयेस.

फक्त एक सांभाळ, तिथलं बाहेरच्या संस्थेचं कर्ज आणि आपल्याकडचा आधी बचत करून मग आपसात कर्ज देणारा गट एकच धरू नकोस.

मृण्मयी_एस:
ताई, काल रात्री १२ पेपर भरले. हैदराबादच्या वस्त्यांमधला बॅनर्जी-डुफ्लो वगैरेंचा २०१५ चा पेपर, ज्यात निर्णयांत काही फरक पडला नाही असं निघालं, तो मोजणीच्या थीममध्येही येतोय आणि "कर्ज मिळालेले आणि न मिळालेले यांची तुलना कशी केली" यातही.

अरुंधती_ताई:
येऊ दे की, दोन्हीकडे वेगळ्या कारणासाठी एकेक वाक्य.

मृण्मयी_एस:
आणि पाच स्थानिक प्रबंधांत "सक्षमीकरण झाले" एवढंच आहे, कशावरून ते कुठंच नाही, कॉलम रिकामाच राहतोय. हे काढून टाकू का?

कदम_सर:
काढा, उगाच पानं वाढतात.

अरुंधती_ताई:
मी ठेवले असते. आपल्या भागातल्या अभ्यासांत हे मोजलंच गेलं नाही, हीच तुझी रिसर्च गॅप असू शकते. पण पाचांवरून एवढं म्हणता येईल का, ते गाइडना विचार.