‘वर्गणीदारांसाठी सोडत’ असे लिहावे काय?

खाडीकाठ (मालवण): आमच्या पाककृतींच्या यूट्यूब वाहिनीतर्फे गणपतीपूर्वी पाच प्रेक्षकांना आमसुले आणि तिरफळे यांचा एकेक डबा देण्याचे ठरले आहे. नियमावलीवर मी ‘वर्गणीदारांसाठी सोडत’ असे लिहिले, तेव्हा दादाने विचारले, “वर्गणी किती ठेवली आहेस?” ‘सबस्क्रायबर’ला आणि ‘गिव्हअवे’ला काय म्हणावे?

पोफळी (गुहागर): ‘सोडत’ उत्तम आहे, ती चिठ्ठ्या सोडण्यावरूनच आली असावी. ‘बक्षीस’ मात्र फारसीतून आलेले, म्हणून ‘पारितोषिक’ लिहावे.

तांडेल (वेंगुर्ले): बक्षीस शब्द आजीच्या तोंडी होता, तो परका कसा? शिवाय पारितोषिक गुणांना मिळते, चिठ्ठीत निघालेल्या नावाला नव्हे. खाडीकाठताई, आपल्या दादांची शंका मात्र रास्त आहे. बक्षीस, नशीब आणि सहभागासाठी घेतलेले पैसे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की कायद्याच्या नजरेत ती लॉटरी ठरते आणि खासगी लॉटरी चालवणे गुन्हा आहे. सहभाग विनामूल्य असावा, असे यूट्यूबचे धोरणही सांगते. ‘सदस्य’ही नको, कारण तिथे दरमहा पैसे भरणाऱ्यांना सदस्य म्हणतात. माझ्या मते ‘प्रेक्षकांसाठी विनामूल्य सोडत’ एवढे पुरे आहे. स्पर्धेच्या निमित्ताने सबस्क्रायबरांचा आकडा फुगवणे यूट्यूबला मान्य नसल्याने मी सबस्क्राइब करण्याची अटही घालणार नाही. एका सोप्या प्रश्नाचे उत्तर टिप्पणीत मागेन.

सड्यावरचा: आमच्या गावी देवाला कौल लावतात. ‘कौल’ म्हटल्यास निकालाबद्दल कोणी शंका घेणार नाही.

पोफळी: कौल होय किंवा नाही असा असतो. त्यातून पाच नावे कशी निघणार?

आगरवाट (देवगड): मला ‘पर्यंत’ या शब्दाने अडचणीत आणले. हापूसच्या पेटीची सोडत ठेवली होती आणि ‘20 तारखेपर्यंत’ असे लिहिले होते. 20 तारखेला संध्याकाळी आलेल्या टिप्पण्या मी वगळल्या, तेव्हा लोक रागावले, आणि त्यांचे खरे होते. त्यातच एकाने सात वेळा उत्तर लिहिले होते आणि ‘प्रत्येकी एकच नोंद’ असे मी कुठेच म्हटले नव्हते. पेटीही वाटेत पिकून काळी पडली, म्हणून आमसुलांची निवड मला फार आवडली.

तांडेल: ‘20 ऑगस्ट रोजी रात्री 11.59 वाजेपर्यंत’ असे लिहावे. मुदत संपताच एका व्यक्तीचे एकच नाव धरून क्रमांकवार यादी करावी, ती आधी दाखवावी आणि मगच चित्रीकरण चालू ठेवून क्रमांक काढावेत. तीन दिवसांत उत्तर न आल्यास संधी कोणाला मिळेल, तेही आधीच लिहावे, म्हणजे दोन राखीव नावे त्याच वेळी काढता येतील. निकाल जिथे घोषणा केली तिथेच जाहीर करावा, कारण सहभागींपासून तो दडवणे ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा मानली आहे.

खाडीकाठ: ‘वर्गणीदार’ खोडले. पण ‘राखीव’ वाचून दादा विचारतो आहे की हे आरक्षण कोणासाठी.

पोफळी: ‘पर्यायी’ लिहा.

सड्यावरचा: पर्यायी म्हणजे नाव की डबा?