एकाच हातोडीला दांडा बसवायचा आहे, कोणती निवडू?

जुनीपेटी: अवजारांच्या जुन्या पेटीत दांडे मोडलेली चार डोकी मिळाली. पहिल्याला एका बाजूला सपाट तोंड, दुसऱ्या बाजूला खाली वळलेली, मधे फट असलेली नखं. दुसरं एकीकडे सपाट, दुसरीकडे चेंडूसारखं गोल. तिसरं दोन्हीकडे सपाट, चार किलोच्या आसपास. चौथा लाकडी ठोकळा. यांना म्हणतात काय? माझ्याकडे दांडा एकच आहे, नवीन काही घेणार नाही. खोक्यांचे खिळे उपटायचेत आणि गंजून बसलेला एक नट छिन्नीने फोडायचा आहे.

रंधा: पहिली क्लॉ हॅमर. नखांत खिळा धरा, थोडा वर आला की डोक्याखाली लाकडाचा तुकडा सरकवा, म्हणजे खिळा सरळ निघतो आणि दांड्यावर ताण येत नाही. चौथी मोगरी, म्हणजे मॅलेट. ती पटाशीच्या लाकडी मुठीवर मारायची, खिळ्यावर नाही. छिन्नीवरही क्लॉच चालवा, दोन्ही पोलादच.

भिंतफोड्या: तिसरा घण! मी त्याने अख्खी भिंत पाडली. फायबरच्या दांड्याचा नवाच घ्या, सोबत रबरी मॅलेटही.

फिटरकाका: रंधा, क्लॉबद्दलचं बाकी बरोबर, पण छिन्नीवर ती नको. तिचं तोंड मऊ खिळ्यासाठी असतं. कडक छिन्नीवर तिरका घाव बसला तर कडेची कपची उडते, थेट डोळ्यात जाऊ शकते. दुसरी आहे ती बॉल पेन, छिन्नीसाठीच बनवलेली. घाव सपाट तोंडाने घालायचा. गोल बाजू रिव्हेटचं टोक पसरवायला. तोंड छिन्नीच्या माथ्यापेक्षा साधारण १० मिमी रुंद हवं. माथा फुलासारखा पसरला असेल तर आधी घासून घ्या, आणि चष्मा लावाच.

रंधा: माझी क्लॉ इतकी वर्षं छिन्नीवर चालतेय, काही झालं नाही.

फिटरकाका: तिच्या तोंडाची कड बोटाने चाचपून बघा. खाच लागली तर ती हातोडी बाजूला ठेवा.

घरदुरुस्ती: मीही बॉल पेनच म्हणेन. खिळे पकडीनेही निघतात. आणि रबरी मॅलेट पटाशीवर नको हं, ती उसळते. फरशी बसवायला मात्र छान.

भिंतफोड्या: उसळते ती हलकी असते म्हणून. जड घ्या.

घरदुरुस्ती: जडही उसळते. रबरच आहे.

जुनीपेटी: नावं कळली, आभार. दांडा क्लॉलाच बसवतोय. खिळे भरपूर आहेत, नट एकच, तो हॅकसॉने कापेन. शिवाय दांड्याचं टोक चौकटीसारखं आहे, बॉल पेनचं भोक लंबगोल.

फिटरकाका: टोक कानशीने लंबगोल करता येतं, ती काही अडचण नाही. नटाभोवती हॅकसॉचं पातं हलवायला जागा आहे का, ते मात्र दांडा ठोकण्याआधी बघा.