मदत हवी आहे: 'चार जणांसाठी' असलेला मसालेभात आमच्या चौघांना पुरत नाही, ग्रॅमवर कसा बसवायचा?

सांजवात
घरात आम्ही चौघंच. मी, नवरा, अकरावीतला मुलगा आणि सासूबाई. तोंडलीच्या मसालेभाताची माझ्याकडे एक कृती आहे, चव अगदी हवी तशी येते. वर लिहिलंय 'चार जणांसाठी'. पण दर वेळी मुलगा दुसऱ्यांदा ताट पुढे करतो तेव्हा पातेल्यात डावभरच उरलेला असतो आणि मी माझा भात कमी करते. एकदा सगळं दुप्पट केलं, तर दोन दिवस भात संपवत बसलो, शिवाय तो खाली गचका झाला होता.

कृती अशी: तांदूळ 300 ग्रॅम, तोंडली 150, मटार 50, तेल 40, गोडा मसाला 15, मीठ 12, पाणी 650. ओलं खोबरं-कोथिंबीर वरून. जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण ठेवून. घरात डिजिटल वजनकाटा आहे. नेमकं किती वाढवायचं हे त्यावरून काढता येईल का? मला अंदाजपंचे नको आहे, दर रविवारी करायचा पदार्थ आहे.

निळीशाई
सोपं आहे. माणशी 75 ग्रॅम तांदूळ म्हणजे तुमची कृती. तुमच्याकडे खाणारे जास्त खातात, मग माणशी 100 धरा. 400 ग्रॅम तांदूळ आणि बाकी सगळं त्याच पटीत. मी ऑफिसच्या डब्यांचं असंच करते.

पाटावरवंटा
या कृती बहुतेक पूर्ण ताट धरून लिहिलेल्या असतात असा माझा अनुभव. सोबत पोळी, भाजी, कोशिंबीर, मठ्ठा असेल तर मसालेभात डाव-दोन डावच लागतो. तुम्ही नुसता भात आणि पापड करत असाल तर चार जणांचा तो दोघा-तिघांचाच होणार. आमची आई माणशी दीड मूठ आणि वर 'पातेल्याची एक मूठ' घालायची, कधी कमी पडला नाही.

वाडगा
मी पुण्यात चौदा वर्षं खाणावळ चालवली, त्यामुळे हा हिशेब रोज केलाय. निळीशाई, तुमची वाट चुकीची नाही, पण 100 हा आकडा आला कुठून? तोही अंदाजच. आणि पानात पडतो तो शिजलेला भात, कच्चा तांदूळ नाही. भाजी जास्त घातली की तेवढ्याच तांदळात पान जड होतं.

सांजवात ताई, दोन वजनं हवीत. पहिलं, ही कृती शिजल्यावर एकूण किती भरते. त्यासाठी रिकामं पातेलं आधी तोलून आकडा लिहून ठेवा, भात झाल्यावर पातेल्यासकट तोला आणि वजा करा. दुसरं, तुमच्या घरचं एकेक पान. ताट काट्यावर ठेवून शून्य करा, नेहमीसारखं वाढा, आकडा बघा. दुसऱ्यांदा वाढलेलंही त्यातच धरा. कोणाला 'पुरे' म्हणायला लावू नका. दोन-तीन रविवार करा, एका दिवसावर जाऊ नका.

कोकणकडा
माझ्या यजमानांना मधुमेह आहे. आहारतज्ज्ञांनी भात मोजून खायला सांगितलाय. पानातला 250 ग्रॅम मसालेभात म्हणजे 250 ग्रॅम तांदूळ धरायचा का?

वाडगा
नाही हो, त्यात पाणी आणि भाजीच जास्त. सांजवात ताईंचे आकडे आले की त्यातूनच तुमचंही काढून देतो. किती खायचा हे मात्र तुमच्या आहारतज्ज्ञांनीच सांगायचं.

सांजवात
तीन रविवार तोललं, म्हणून उशीर. पातेलं रिकामं 1140 ग्रॅम, भातासकट 2220. म्हणजे भात 1080, माणशी 270. आणि आमची पानं सरासरीनं अशी: सासूबाई 240, मी 330 (पोटभर), नवरा 430, मुलगा 480. बेरीज 1480! चारशे ग्रॅमचा खड्डा होता आणि तो माझ्या पानातून भरला जात होता, हे आत्ता कळलं.

वाडगा
छान मोजलंत. 1480 ला 1080 ने भागा, 1.37 येतं. पातेल्याला चिकटतं, डावाला लागतं, म्हणून 1.4 धरा. तांदूळ 420, तोंडली 210, मटार 70, मीठ 16 घालून चव बघा. तेल 50 पुरे. तळ तेवढाच आहे, फोडणीला 56 लागत नाही.

आता पाणी, कारण तुमचा दुप्पट भात तिथेच गचका झाला. मूळ कृतीत पाण्यासकट सगळं मिळून 1217 ग्रॅम आत गेलं आणि 1080 उरलं. म्हणजे जवळपास 137 ग्रॅमची वाफ झाली. वाफ पातेल्याच्या तोंडावर, झाकणावर आणि वेळेवर ठरते, भात दीडपट केला म्हणून ती दीडपट होत नाही. भातात राहिलं ते 513, ते 1.4 पट केलं की 718. त्यात वाफेचे दीडशेच्या आत-बाहेर मिळवा. 910 नाही, 860 पाणी घाला. अर्धी वाटी गरम पाणी बाजूला ठेवा. वरचं शीत दाबून मधे कणी लागली तरच शिंपडा. हे त्याच पातेल्यात, त्याच आचेवर. पसरट पातेलं घेतलंत किंवा तांदूळ बदललात तर पाणी पुन्हा बघावं लागेल. कुकरमध्ये वाफ फार कमी जाते, तिथे हा आकडा चालणार नाही.

निळीशाई
हे पटलं. माझाही डब्यांचा भात जास्त केला की मऊ पडतो, मी तांदळाला दोष देत होते. पण गोडा मसाला 21 ग्रॅम? मी 18 वरच थांबेन. जास्त प्रमाणात केला की मसाला पुढे येतो, असा माझा अनुभव.

वाडगा
अख्खी लवंग-दालचिनी असेल तर मीही तेवढीच ठेवतो. कुटलेला मसाला मात्र मी भाताच्या वजनाबरोबर वाढवतो, नाहीतर भात फिका लागतो.

पाटावरवंटा
मी निळीशाईंच्या बाजूने. ताजा कुटलेला असेल तर 18 सुद्धा भरपूर.

सांजवात
काल केला. पाणी 860, वरून शिंपडायची वेळ आली नाही. तोलला तर 1495. मसाला 19 घातला. नवऱ्याला बरोबर वाटला, सासूबाईंना थोडा कमी. चौघांची पानं झाली आणि पातेल्यात मुठीएवढा उरला. मी माझं पूर्ण पान जेवले. पातेल्याचं वजन आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

वाडगा
कोकणकडा, तुमचा हिशेब: 1495 ग्रॅम भातात तांदूळ 420. म्हणजे 250 ग्रॅमच्या पानात कच्चा तांदूळ 70 ग्रॅमच्या आसपास. हे या कृतीपुरतं. तुमच्याकडे भाजी-पाणी वेगळं असेल तर आकडा बदलेल, म्हणून तुमचं पातेलं तुम्हीच तोला.

कोकणकडा
धन्यवाद, हे आहारतज्ज्ञांना दाखवते. त्यांनी सांगितलेला आकडा कच्च्याचा की शिजलेल्याचा, हेच मी विचारलं नव्हतं.

सांजवात
एकच राहिलं. पाटावरवंटा म्हणतात तसं पुढच्या रविवारी पाहुण्यांसाठी पोळी-भाजीही आहे. तेव्हा माझे 330 आणि मुलाचे 480 धरून चालणार नाही ना?

वाडगा
नाही चालणार. ते आकडे नुसत्या भाताच्या जेवणाचे. पूर्ण ताटाच्या दिवशी वेगळं तोला आणि त्याच कागदावर शेजारी लिहा. पाहुण्यांचं मात्र मलाही आधी सांगता येत नाही. खाणावळीतसुद्धा नवा माणूस आला की पहिले दोन दिवस अंदाजच असायचा.