मदत हवी आहे: उकड्या तांदळाची पेज गॅसवर स्वस्त की इंडक्शनवर?

१४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांना धरला, तर गॅस किलोला साधारण ६३ रुपये पडतो. शेगडीची बरीच आच भांड्याबाहेर जाते, म्हणून एक किलो गॅसचं काम इंडक्शनवर सुमारे ९ युनिटांत होतं. म्हणजे युनिट ७ रुपयांच्या आत असेल तरच इंडक्शन परवडतं. यात सरासरी दर धरू नका. इंडक्शनचे युनिट बिलातल्या वरच्या टप्प्यात जातात, शिवाय वहन आकार आणि वीज शुल्क वेगळं.

अडतंय ते पेजेपाशी. मंद आचेवर इंडक्शन सारखं चालू-बंद होतं, त्यामुळे वॅट गुणिले वेळ हा हिशेब चुकतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणी प्लगला मीटर लावून पाव किलो उकड्याचे युनिट मोजलेत का? भांडं कुठलं, झाकण होतं का, तेही कृपया सांगा.