अनुभव धागा: दोस्ताला मेसेजवर सांगितलं, तेव्हा किती लिहिलं आणि काय खोडलं

मुलगे आवडतात, मुली आवडतात, दोन्ही आवडतात, हे जवळच्या दोस्ताला मेसेजवर सांगितलं असेल तर नेमकं काय टाईप केलं ते लिहा. अनुभव पाहिजे, सल्ले नको. माणसांची नावं टाकू नका. सुरुवात मीच करतो.

पऱ्हाटी
मी दारव्ह्याकडचा, शेती करतो. दोस्त दहावीपर्यंत एकाच बाकावरचा, आता पुण्यात कंपनीत. पहिला मेसेज लिहिला तो दोन स्क्रीन लांब, सातवीपासूनचं सगळं, आणि ज्याच्यासोबत दोन वर्षं होतो त्याचं नाव पण. नोट्समध्ये लिहिला, चॅटच्या डब्यात नाही, चुकून बोट लागलं की गेला ना मग. सकाळी वाचला तर वाटलं हे नाव सांगायचा हक्क माह्या कुठं आहे, तो माणूस आमच्याच तालुक्यातला, लग्न झालेला, दोस्त त्याले ओळखते. नाव खोडलं. मग कुठं भेटत होतो, कधीपासून, तेही खोडलं, कारण गावात एवढ्यावरून लोक नाव काढतातच.

पाठवायच्या आधी फक्त एवढंच विचारलं, "फोन तुह्याच हातात आहे ना?" त्याच्या लॉक स्क्रीनवर मेसेज दिसतो आणि रूममेट वाचतात, मले माहीत होतं. तो म्हणे, "हाव, काहून? पैसे पाहिजे का?"

मग हे पाठवलं: "मले पोरी नाही, पोरं आवडतात. तुलेच पहिले सांगून राहिलो, घरी माहीत नाही. तुह्यावर तसा डोळा नाही, घाबरू नको. घरचे पोरी पाहून राहिले, तू त्यात मदत करू नको."

चाळीस मिनिटांनी उत्तर आलं: "बरं. जेवला का?" तीन दिवसांनी मात्र सुरू झाला, कोण आहे सांग ना, कोण आहे. मी लिहिलं ते त्याचं आहे, माहं नाही. थोडा रुसला. अजून पण मधात विचारते.

संत्राबर्फी
एवढं टेन्शन कायले बावा? गायब होणारे मेसेज २४ तासांवर लावा, नाहीतर वाचल्यावर सगळ्यांसाठी डिलीट मारा. पुरावाच राहत नाही. मी तसंच केलं.

टाकीवरचा
अर्धं बरोबर. स्क्रीनशॉट काढला तर तो गॅलरीत राहतो. डिलीट मारलं की तिथं "मेसेज डिलीट केला" अशी पाटी दिसते, तेवढ्यानं उलट चौकशी वाढते, आणि दोन दिवसांच्या थोडं वर गेलं की तो पर्यायच येत नाही. दोस्तानं तुमचा मेसेज धरून उत्तर दिलं असेल तर गायब होणाऱ्या चॅटमध्ये पण तो तुकडा उत्तराच्या वर राहू शकतो.

माझं तर वेगळंच झालं. दोस्त झेरॉक्सच्या दुकानात बसायचा, त्याचं व्हॉट्सअॅप दुकानाच्या कॉम्प्युटरवर जोडलेलं. मेसेज मी त्याच्या मोबाईलवर पाठवला, वाचला मालकाच्या पोरानं. म्हणे पोलिसात देतो. मी म्हटलं दे, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं दोन मोठ्या माणसांच्या मर्जीचं ३७७ मधून काढलं. तो पोलिसात नाही गेला, पण गावात बोलायचं ते बोलला. दोस्ताची यात चूक नव्हती, तरी आमचं पहिल्यासारखं नाही राहिलं.

सोयाबीन_९३३५
मी पण क्लासच्या मैत्रिणीला मेसेजवर आय लव यू पाठवलं होतं, तिनं ब्लॉकच केलं यार. आता समोर कसं जाऊ?

पऱ्हाटी
भाऊ, तो धागा हा नाही.

आंबाडी
आर्वीकडची. मला मुली पण आवडतात आणि मुलगे पण. होस्टेलच्या मैत्रिणीला लिहिताना वाटलं दोन्ही सांगितलं तर ती म्हणेल मग नखरे कायचे, कर ना लग्न. म्हणून फक्त "मला मुली आवडतात" एवढंच पाठवलं. दोन वर्षांनी एका मुलासोबत माझं जुळलं, तिला दुसरीकडून कळलं, आणि तिला वाटलं मी तेव्हा खोटं बोलले. ती माझ्यासाठी घरी भांडली होती हो. दुसऱ्यांदा सांगायला पहिल्यापेक्षा जास्त हिंमत लागली, तेव्हा मेसेज नाही केला, सरळ फोन लावला.

पाठीवर पंप
मी दुसऱ्या बाजूचा, मले सांगितलं गेलं. कपाशीवर फवारणी चालू होती, एका बोटानं मेसेज उघडला, अर्धा वाचला, हात औषधाचे म्हणून फोन परत खिशात. निळी टिक तर गेलीच. तीन तासांनी हात धुऊन पाहतो तर त्याचे सहा मेसेज, शेवटचा "मजाक करून राहिलो होतो". मी लिहिलं, मजाक नव्हता ना लेका. ते त्यानं वाचलं, उत्तर नाही दिलं. पोळ्याला भेटलो, बैलाच्या शिंगाला बेगड लावत दोघं बराच वेळ बसलो, त्यानं विषय काढला नाही, मी पण नाही.